भरताचा बाजार: वाचा आणि उत्तरं द्या

(प्रौढ साक्षरता वर्ग, यावल तालुका. वेळ एक तास. वही उघडी ठेवली तरी चालेल.)

आक्का, वहिनी, मावशी, आबा, धडा आधी एकदा मनात वाचा, मग एकदा मोठ्याने. अडलेल्या शब्दावर बोट ठेवून थांबा, घाई नाही. तोंडी उत्तर लेवा बोलीत दिलं, अहिराणीत दिलं, तरी पूर्ण मार्क.

धडा

उद्या मळ्यात भरीत आहे. आक्का सहाशे रुपये घेऊन यावलला बाजाराला निघाली. एसटीचं पूर्ण तिकीट ४० रुपये होतं. कंडक्टरने आक्काला अर्धं तिकीट दिलं. बाजारात भरताची वांगी ३० रुपये किलो होती. आक्काने ५ किलो घेतली. मग ती किराणा दुकानात गेली. दुकानदाराने चिठ्ठी लिहून दिली:

शेंगदाणे, अर्धा किलो: ७० रुपये
तेल, १ लिटर: १७० रुपये
खोबरं, पाव किलो: ८० रुपये
एकूण: ३४० रुपये

आक्काने पैसे काढले नाहीत. आधी चिठ्ठी वाचली. प्रत्येक आकड्याखाली नख ठेवून बेरीज केली. मग म्हणाली, "दादा, बेरीज पुन्हा करा बरं." दुकानदाराने पाहिलं आणि आकडा खोडला. "चूक झाली आक्का," तो म्हणाला. आक्का अर्ध्या तिकिटात घरी परत आली. सुनेने कळण्याच्या भाकरीसाठी पीठ काढून ठेवलं होतं.

प्रश्न

१. आक्का कुठे गेली? का गेली? दोन्ही उत्तरं धड्यात आहेत, ती वाक्यं शोधून खाली रेघ मारा.

२. वांग्यांचे किती पैसे झाले?

३. चिठ्ठीतले तीन आकडे एकाखाली एक लिहा आणि बेरीज करा. एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक आलं पाहिजे, नाहीतर बेरीज चुकते. दुकानदाराने किती रुपये जास्त लिहिले होते? या प्रश्नाला पाच मार्क आहेत, कारण उद्या बाजारात हाच उपयोगी पडणार आहे. बोटं मोजून करा, शेंगदाणे मांडून करा, माझी काही हरकत नाही.

४. दुकानदाराने मुद्दाम केलं की चुकून झालं? धड्यात तसं लिहिलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं ते सांगा आणि कशावरून वाटतं तेही सांगा. इथे चूक-बरोबर असं काही नाही. मला तुमचं म्हणणं ऐकायचं आहे.

५. आक्काला अर्धं तिकीट का लागलं? (धड्यात उत्तर नाही, पण तुम्हाला माहीत आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे.) आता विचार करा: आक्कासोबत तिचे ७८ वर्षांचे सासरे असते तर त्यांच्या तिकिटाला किती पैसे पडले असते? आबा, हे तुम्ही सांगा. वयाचा पुरावा म्हणून तुम्ही कोणतं कार्ड दाखवता, तेही सांगा.

६. जाण्या-येण्याचं तिकीट, वांगी आणि किराणा धरून आक्काने एकूण किती खर्च केला? घरी किती पैसे आणले? किराण्याचा आकडा खोडलेला धरू नका, खरा धरा.

७. 'चिठ्ठी' आणि 'अर्धा' हे शब्द फळ्यावर येऊन लिहा. 'अर्धा'मधला रफार कोणत्या अक्षरावर येतो? मागच्या आठवड्यात चार वह्यांत तो 'अ'च्या डोक्यावर बसला होता, म्हणून विचारते.

८. चूक की बरोबर?
आक्काने पैसे देऊन मग चिठ्ठी वाचली.
तेल १ लिटर घेतलं.
भाकरी ज्वारी आणि उडदाच्या पिठाची होती. (सावकाश! 'कळणं' कशाचं असतं ते आठवा.)

९. धड्यात आक्काने भरताला लागणारं सगळं सामान घेतलंच नाही. काय राहिलं? मिरची, लसूण, कांद्याची पात, आणखी काय? तुमच्या घरी जसं भरीत करता तशी यादी लिहा. वांगी कशावर भाजता, तुराट्यांवर की कपाशीच्या काड्यांवर, हे एका पूर्ण वाक्यात लिहा. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्या. बडगीत ठेचत असाल तर तोही शब्द लिहा. पुस्तकात नसला तरी आपल्या घरात आहे.

१०. पुढच्या वर्गाला येताना घरातली एक खरी चिठ्ठी आणा. किराण्याची, वीजबिलाची, दवाखान्याची, कोणतीही चालेल. त्यातले तुम्हाला वाचता आले तेवढे शब्द पेन्सिलीने गोल करून आणा.