प्रेसनोट पाठवतेय सर, जाधव सरांच्या भाषणाची

सर नमस्कार,

कालच्या एनएसएस दिनाच्या भाषणाचं रेकॉर्डिंग रात्री दोनदा ऐकलं, 41 मिनिटांचं आहे आणि मधे 6-7 मिनिटं जनरेटरचा आवाज एवढा आलाय की कान लावून ऐकावं लागतं. प्रेसनोट खाली दिलीय. पेपरवाल्या दादांनी सांगितलंय दोन कॉलमच्या वर जागा नाही, फोटो एकच, आणि सहाच्या आत आली तर उद्याच्या अंकात. म्हणून तुम्ही पाचपर्यंत बघून ओके द्याल का?

आधी भाषणातला जो भाग मला बातमी वाटला तो जसाच्या तसा टाइप करून देतेय, म्हणजे तुम्हाला पडताळता येईल (18 व्या मिनिटापासून पुढे):

"...आता बहात्तरचं सांगतो. मी दहा वर्षांचा होतो बरं का, आई खडी फोडायला जायची, मी पण जायचो मागं मागं. सुकडी मिळायची. आणि तो लाल मिलो, अमेरिकेतनं आलेला, त्याची भाकरी गिळायची नाही हो घशाखाली, पण खाल्ली. त्याच कामांतनं पुढं रोजगार हमी आली, सत्त्याहत्तरला कायदा केला महाराष्ट्रानं, आणि दोन हजार पाचला देशाचा कायदा झाला, हे तुम्हाला माहीत पाहिजे, कारण तुमच्या आज्यांच्या हातच्या फोडांतनं आलाय तो. बरं. तर मी नोकरी केली भूजल खात्यात, तीस वर्षं विहिरी मोजल्या. आपल्याकडं खाली काय आहे? काळा पाषाण. बसाल्ट. त्याच्यात पाणी साठतं कुठं, वरच्या मुरमात आणि फटीत, बस्स. लोकांना वाटतं खाली नदी वाहतीय. नाही वाहत. मग पाचशे फूट बोअर घेतात, आठशे घेतात, कर्ज काढून घेतात... (टाळ्या नाहीत, सगळे शांत) ...साधा हिशोब सांगतो, लिहून घ्या. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. पाचशे मिलिमीटर पडला तर एका हेक्टरवर किती? पन्नास लाख लिटर. तुमच्याच रानात पडतं हे. किती थांबतं? कुणी मोजलंय? तुमच्या विहिरीत आत्ता किती पाणी आहे हे तुम्हाला माहीत नसेल तर पेरायचं काय हे तुम्ही कशावरनं ठरवता? नगर जिल्ह्यात हिवरे बाजारला पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि ग्रामसभेत बसून पिकं ठरवतात. तिथली माणसं काय वेगळ्या मातीची नाहीत. तर एनएसएसच्या पोरांना माझं एवढंच म्हणणं आहे, शिबिरात रस्ते झाडता, झाडा, चांगलं आहे, पण दत्तक गावातल्या विहिरी मोजा. दोरी आणि दगड लागतो, दुसरं काही नाही. मेमध्ये एकदा, ऑक्टोबरात एकदा. आणि तो आकडा चावडीवर लिहा, मोठ्या अक्षरात..."

सर, मागच्या वर्षीच्या बातम्या काढून बघितल्या तर सगळ्यात पहिल्यांदा दीपप्रज्वलन, मग स्वागत, मग सत्कार, आणि पाहुणे काय बोलले ते शेवटच्या दोन ओळीत "मोलाचे मार्गदर्शन केले" एवढंच. मला ते पटत नाही. माणूस 41 मिनिटं बोलला, पोरं मोबाईल खाली ठेवून ऐकत होती, आणि वाचणाऱ्याला कळणारच नाही तो काय बोलला? म्हणून विहिरी मोजा हेच वर घेतलंय, सत्कार एका वाक्यात. प्राचार्यांचं नाव आणि पद पहिल्या परिच्छेदात नाही म्हणून कुणी रागावलं तर कृपया तुम्ही समजावून सांगा.

दोन आकडे तपासले. जनरेटरच्या आवाजात "पाच लाख" ऐकू येतंय का "पन्नास लाख" हे कळेना, मग हिशोब केला: हेक्टर म्हणजे 10 हजार चौरस मीटर, गुणिले 500 लिटर, म्हणजे 50 लाखच. आणि रोहयो कायद्याचं साल मला पहिल्यांदा एकाहत्तर ऐकू आलं होतं, पण कायदा 1977 चा आहे, आणि परत ऐकल्यावर सरांनीही सत्त्याहत्तरच म्हटलंय.

अवतरणात फक्त त्यांचं बोललेलं ठेवलंय, "कशावरनं" चं "कशावरून" केलं एवढंच. 33 व्या मिनिटाला ते एका गावच्या पाणीयोजनेबद्दल बोलले आणि लगेच "हे छापू नका" म्हणाले, ते मी टाइपसुद्धा केलेलं नाही.

आता प्रेसनोट:

दत्तक गावातल्या विहिरी मोजा, आकडा चावडीवर लिहा
*निवृत्त भूजल अधिकारी जाधव यांचं एनएसएसच्या विद्यार्थ्यांना आवाहन*

बार्शी, ता. 25 (प्रतिनिधी): "तुमच्या विहिरीत आत्ता किती पाणी आहे हे तुम्हाला माहीत नसेल, तर पेरायचं काय हे तुम्ही कशावरून ठरवता?" असा सवाल निवृत्त भूजल अधिकारी श्री. जाधव यांनी मंगळवारी (ता. 24) येथे केला. येथील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्थापना दिनाच्या कार्यक्रमात ते प्रमुख पाहुणे म्हणून बोलत होते.

एनएसएसच्या विद्यार्थ्यांनी दत्तक गावातल्या विहिरींची पाणीपातळी मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून दोनदा मोजावी आणि तो आकडा चावडीवर मोठ्या अक्षरात लिहावा, असं आवाहन त्यांनी केलं. त्यासाठी दोरी आणि दगड पुरेसा आहे, असं ते म्हणाले.

आपल्या भागात जमिनीखाली काळा पाषाण असून पाणी फक्त वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटीत साठतं. तरीही कर्ज काढून आठशे फुटांपर्यंत बोअर घेतले जातात, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. 500 मिलिमीटर पाऊस झाला तर एका हेक्टरवर 50 लाख लिटर पाणी पडतं, त्यातलं किती थांबतं हे कुणी मोजत नाही, असं सांगून त्यांनी हिवरे बाजारचं उदाहरण दिलं. तिथं पाण्याचा ताळेबंद मांडून ग्रामसभेत पिकं ठरवली जातात.

1972 च्या दुष्काळात आईबरोबर खडी फोडायच्या कामावर गेल्याची आणि मिलोची भाकरी खाल्ल्याची आठवण त्यांनी सांगितली. त्या कामांतूनच पुढे राज्याचा 1977 चा रोजगार हमी कायदा आला, असं ते म्हणाले.

प्राचार्य अध्यक्षस्थानी होते. त्यांच्या हस्ते श्री. जाधव यांचा सत्कार झाला. कार्यक्रमाला एनएसएसचे स्वयंसेवक आणि प्राध्यापक उपस्थित होते.

फोटोओळ: बार्शी: महाविद्यालयाच्या विहिरीची पाणीपातळी दोरीनं कशी मोजायची हे विद्यार्थ्यांना दाखवताना श्री. जाधव.

सर, फोटो मुद्दाम सत्काराचा घेतला नाही, भाषण झाल्यावर ते कॉलेजच्या विहिरीवर आले होते तेव्हाचा आहे. त्यात मुली पुढे आहेत, दोरी स्पष्ट दिसते, उन्हाचा पण त्रास नाही. सत्काराचे फोटो कॉलेजच्या ग्रुपवर वेगळे टाकते.

आणि एक, जाधव सरांनाही ही नोट पाठवू का? त्यांनी बघितली म्हणजे मुरमाबद्दल माझं काही चुकलं असेल तर छापायच्या आधी कळेल. त्यांचा नंबर तुमच्याकडं आहे, तुम्हीच एक फोन केलात तर बरं होईल, मी लायब्ररीत आहे पाचपर्यंत.