शनिवारच्या भेटीबद्दल, आणि दिवाळीनंतरच्या कामाबद्दल एक छोटा प्रश्न

आदरणीय अनुराधाताई,

नमस्कार. मी केतकी, गिरगावची. दोन आठवड्यांपूर्वी शनिवारी बॅलार्ड इस्टेटच्या ऑफिसात तुम्हाला भेटून गेले. त्या दिवशी तुमच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्यांची इतकी वर्दळ होती, म्हणून ओळख पुन्हा सांगते: जुन्या चाळींच्या पुनर्विकासाच्या, ३३(७)च्या फायली करणारी, जिला तुम्ही "म्हणजे पाडणाऱ्यांच्या गोटातली" म्हणालात आणि मग स्वतःच हसलात ती. तुम्ही 'मॅडम' नको म्हणाला होतात, म्हणून ताईच लिहितेय.

आभाराचा मेसेज मी त्याच रात्री पाठवला होता, पण चर्चगेटहून घरी चालत जाताना घाईत लिहिलेला तो. नीट लिहायचं राहिलं होतं. अर्धा तास मागितला होता, तुम्ही पावणेदोन तास दिलेत, वर फोर्टातल्या संवर्धनाच्या साइटवर घेऊन गेलात. मी इतकी वर्षं त्या इमारतीवरून जातेय, पण आतला जिना पहिल्यांदा पाहिला.

त्या साइटवरची एक गोष्ट अजून हातातून जात नाही. तळमजल्यावरच्या त्या निळ्या पिंपात पाण्याखाली मुरत ठेवलेला चुना रफिकमिस्त्रींनी बोटावर घेऊन दाखवला. थेट लोण्यासारखा होता, मला वाटलं होतं खरखरीत असेल. मग त्यांनी माझ्या हातात थापी दिली आणि वीतभर जागा लिंपायला सांगितली. मी लिंपली, दोन पावलं मागे येऊन कौतुकानं बघितलीही, आणि अख्खा थर अलगद सुटून माझ्या चपलेवर आला. भिंतीवर आधी पाणी मारलंच नव्हतं. कोरड्या भिंतीनं चुन्यातलं पाणी ओढून घेतलं. मिस्त्री एवढंच म्हणाले, "तहानलेल्या माणसासमोर ताक ठेवलंस, मग ते शिल्लक कसं राहील?" पाच वर्षांच्या कॉलेजात आम्ही चुना एका तासात उरकला होता, आणि परीक्षेत तो ऑप्शनला टाकता यायचा.

तुम्ही निघताना सांगितलं होतंत, की पुस्तकं नंतर वाच, आधी एक भिंत निवड आणि तिच्याकडे बघत राहा. मी आमच्या चाळीची, तळमजल्यावरच्या नळाजवळची भिंत घेतली. कमरेइतक्या उंचीपर्यंत रंगाचे पापुद्रे निघालेत आणि पांढरा लोणा फुटलाय. बोटाच्या पेरानं ठोकत गेले तर जवळजवळ दोन हात लांबीचा पट्टा पोकळ वाजतो. मागच्या दुरुस्तीत तिथं चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट मारलंय. आतलं पाणी बाहेर यायला वाट नाही, मग ते क्षार घेऊन जिथं फट मिळेल तिथून येतं, हे तुम्ही साइटवर दगडाची सुटलेली पापडी दाखवून सांगितलं होतंत. तेच आमच्या नळाजवळ चाललंय आणि मी रोज तिथून बादली भरून नेत होते!

तुम्ही सांगितलेला प्रयोगही केला. फूटभर फॉइल चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बंद केली. आईला वाटलं मी भिंतीला डबा भरून देतेय. दोन दिवसांनी काढली तर पुढची बाजू कोरडी, मागच्या बाजूला थेंब. म्हणजे ओल हवेतली नाही, भिंतीतलीच. पण ती जमिनीतून वर चढतेय की बाहेरच्या फुटक्या पाइपातून झिरपतेय, ते मला अजून सांगता येत नाही. आधी मी वहीत 'जमिनीतून' असं ठामपणे लिहिलं होतं, मग ते खोडलं. चाळ समितीला पाइप बदलायला राजी केलंय. बदलला की महिनाभर भिंतीला हात न लावता बघायचं ठरवलंय. सोबत त्या भिंतीचं मोजमाप घेऊन काढलेलं रेखाटन आणि चार फोटो जोडलेत. वेळ मिळाला तर बघा. तपासून पाठवायलाच हवं असं नाही.

आता जे विचारायचंय त्याकडे येते. भेटीला येताना मी तुम्हाला लिहिलं होतं, की नोकरी मागायला येत नाही, फक्त हे क्षेत्र समजून घ्यायचंय. ते खरंच होतं. तेव्हा मला वारसा इमारतींच्या श्रेणी दोन-अ आणि दोन-ब यातला फरकसुद्धा धड माहीत नव्हता, आणि १९९५च्या वारसा नियमावलीपासून आजच्या नियम ५२पर्यंत काय काय घडलं हे तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. त्यामुळे आता लगेच पलटून नोकरीबद्दल विचारणं मलाच जरा ओशाळवाणं वाटतंय. म्हणूनच दोन आठवडे हे पत्र ड्राफ्टमध्ये पडून होतं. पण त्या दिवशीनंतर ऑफिसात ३०० चौरस फुटांचे गाळे कागदावर बसवताना माझं लक्ष प्लॅनवर कमी आणि जी इमारत जाणार तिच्या जिन्याच्या कठड्यावर जास्त जातंय. (पुनर्विकास वाईट असं मी म्हणत नाही. आमच्याच चाळीत सामाईक संडास आहेत आणि वरच्या मजल्यावरच्या काकू गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत. त्यांना लिफ्ट हवी, आणि ती हवीच.)

तुम्ही बोलता बोलता म्हणालात, की पावसाळ्यात बाहेरची चुन्याची कामं रेंगाळतात आणि दिवाळीनंतर सगळ्या साइट एकदम सुरू होतात, तेव्हा माणसं कमी पडतात. ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलंय. तर विचारायचं एवढंच, की यंदा दिवाळीनंतर किंवा पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तुमच्याकडे कनिष्ठ पातळीवर एखादी जागा निघण्याची शक्यता आहे का? पूर्णवेळ असो, की एका साइटपुरती काही महिन्यांची. आणि तशी वेळ आलीच, तर माझं नाव विचारात घ्याल का?

तुम्हाला अंदाज यावा म्हणून खरं खरं सांगते. इमारतीची मोजमापं घेऊन रेखाटनं करणं, खोलीगणिक फोटो आणि नोंदी ठेवणं, भेगा नि ओल नकाशावर मांडणं हे मी पहिल्या दिवसापासून करू शकेन. महापालिका आणि म्हाडाचे खेटे घालण्याचा तीन वर्षांचा अनुभव आहे, कोणत्या टेबलावर फाइल का अडते ते कळतं, आणि रहिवाशांच्या बैठकीत कोणी आवाज चढवला तरी मी घाबरत नाही. जे येत नाही तेही सांगते: चुन्याच्या मिश्रणाचं प्रमाण ठरवणं येत नाही, लाकडाची कीड ओळखता येत नाही, आणि संवर्धनातली पदव्युत्तर पदवी माझ्याकडे नाही. तिची गरज कितपत, यावर तुम्ही "शिकायला हरकत नाही, पण त्यासाठी थांबू नकोस" म्हणाला होतात. त्यावर मी विसंबून आहे असं समजू नका, पण धीर आला हे खरं. सध्याच्या ठिकाणी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. या कामात सुरुवातीला पगार कमी असतो हे तुम्ही मोकळेपणानं सांगितलंत, त्याची तयारी आहे. अगदी बिनपगारी मात्र जमणार नाही, एक हप्ता चालू आहे.

ताई, यात तुम्हाला अडचणीत टाकायचं मुळीच नाही. जागा नसेल तर "सध्या नाही" इतकं पुरे, कारण द्यायची गरज नाही. आत्ता सांगता येत नसेल तर तेही मी समजू शकते. छोट्या ऑफिसात कुठलं काम हातात येईल यावर सगळं असतं, हे आमच्याकडेही बघतेच. मी जानेवारीत एकदा ख्यालीखुशाली विचारायला लिहीन, तोवर आठवण करून देणार नाही. आणि तुमच्या ओळखीत दुसऱ्या कुणाला नोंदी करणारं माणूस हवं असल्याचं कधी कानावर आलं, तर मला कळवा. पण त्यासाठी मुद्दाम कुणाला फोन करू नका. तुमचा शब्द तुम्ही ज्यांचं काम पाहिलंय त्यांच्यासाठी ठेवा. माझं तर तुम्ही फक्त पडलेलं लिंपण पाहिलंय.

शेवटी एक वेगळीच गोष्ट, आणि हिचा वरच्या प्रश्नाशी संबंध नाही. साइटवर तुम्ही म्हणालात, की मागच्या बाजूच्या पडवीसाठी जुन्या मापाची मंगलोरी कौलं मिळत नाहीत, नवी आणली तर खाचा जुळत नाहीत. आमच्या ऑफिसचं लालबागला एक काम आहे, तिथली बैठी चाळ आता उतरवायला घेणार आहेत. काल मी तिथं गेले होते. दोनेकशे कौलं तरी धड दिसली. पाठीवर बासेल मिशनचा ठसा आहे आणि खाली १८६५ लिहिलंय. आमचा सुपरवायझर दोन दिवस सगळ्यांना चाळ १८६५ची असल्याचं सांगत हिंडत होता. ते कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, कौल भाजल्याचं नाही, हे मी त्याला सांगितलं तर हिरमुसला.

उतरवलेला माल ठेकेदाराचा असतो, त्यामुळे मला काही देता-घेता येणार नाही, पण त्याच्याशी गाठ घालून देऊ शकते. भाव तुम्ही आणि तो बघा. एका कौलाची लांबी-रुंदी आणि खाचेचं अंतर मोजून आणलंय, ते शेवटच्या फोटोत टेपसकट दिसेल. तुमच्या मापाला जुळतं का ते रफिकमिस्त्रींना दाखवा. गुरुवारी सकाळी माणसं छपरावर चढणार आहेत आणि एकदा खाली फेकायला लागले की अर्धी फुटतील.

तेव्हा नोकरीचं सावकाश, जमेल तेव्हा कळवा. कौलांचं मात्र बुधवार संध्याकाळपर्यंत सांगाल का?

आपली,
केतकी