वहिनी, म्युच्युअल फंडाच्या ॲपचा स्क्रीनशॉट बघितला

वहिनी पहिलं म्हणजे तो स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवरून डिलीट करा, वरती पॅन नंबर दिसतोय, पुढच्या वेळी मला एकटीला पाठवा.

आता तुमच्या "फंड विकू का" ला मी हो पण म्हणणार नाही आणि नाही पण नाही, मी काही सेबीकडे रजिस्टर्ड सल्लागार नाही आणि पैसे तुम्हाला कशाला आणि कधी लागणारेत ते त्या फोटोत कुठे दिसतं? पण फोटोत काय लिहिलंय ते सांगते.

टाकलेले १,८०,००० आणि आजची किंमत १,७१,९००, म्हणजे ८,१०० खाली, साडेचार टक्के. त्याच्या बाजूला -५.७ आहे ते बघून तुम्ही घाबरलात ना, त्याला तुम्ही एक्सआयआरआय म्हणालात, पण ते एक्सआयआरआर हो, वर्षाच्या हिशोबातला दर. एसआयपीत पहिला हप्ता १८ महिने जुना आणि शेवटचा महिन्यापूर्वीचा, सरासरी पैसे वर्षभरसुद्धा राबलेले नाहीत, म्हणून साडेचार टक्के वर्षाला धरले की ५.७ होतात. दोन वेगळे तोटे नाहीत, एकच आहे. आणि खालचं "१ डे" वालं लाल सोडा, फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, दिवसातून एकदाच निघते, दुपारी बघितलं तर बहुतेक आदल्या दिवसाचंच असतं.

खरी गंमत खालच्या दोन ओळींत आहे. ईएलएसएस, म्हणजे टॅक्स वाचवणारा फंड, ९०,००० चे ९२,७०० झालेत, आणि स्मॉल कॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांचा फंड, ९०,००० चे ७९,२००. म्हणजे सगळा खड्डा स्मॉल कॅपचा, ईएलएसएसने त्यातला थोडा भरलाय. आणि दादा म्हणतो सगळंच काढून टाक! ईएलएसएस काढताच येणार नाही, प्रत्येक हप्त्याला त्याच्या तारखेपासून ३ वर्षं लॉक, पहिला हप्ताच अजून दीड वर्षाने सुटेल. तेव्हा प्रश्न फक्त ७९,२०० चा उरतो.

त्यातही १८ पैकी ६च हप्त्यांना वर्षाहून जास्त झालंय. बऱ्याच इक्विटी फंडांत वर्षाच्या आत काढलं तर १% एक्झिट लोड कापतात, तुमच्या फंडात किती ते ॲपमध्ये फंडाच्या नावावर दाबलं की दिसेल. विकताना जुनी युनिट्स आधी जातात. तोटा झाला तर तो वाया जात नाही, वर्षाच्या आतल्या युनिट्सचा तोटा दुसऱ्या कुठल्याही कॅपिटल गेनमधून वजा होतो, वर्षावरचा फक्त लाँग टर्म गेनमधून, आणि उरला तर ८ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न वेळेत भरलं तरच.

हे पैसे ओंकारच्या ॲडमिशनचे आहेत का? जूनमध्ये लागणार असतील तर गोष्ट वेगळी, दहा वर्षांनी लागणार असतील तर वेगळी, आणि ते मी नाही ठरवू शकत. दादाशी बोला, नाहीतर फी घेणाऱ्या सल्लागाराकडे जा, नंबर आयएनए ने सुरू होतो तो सेबीच्या साईटवर तपासा. तोवर स्मॉल कॅपचं हप्त्यांच्या तारखांचं स्टेटमेंट काढून ठेवा, रविवारी येते तेव्हा एकत्र बघू, आणि जमलं तर थालीपीठ करा.