दि. १० जानेवारी रोजी पाळीवर उशिरा हजर झाल्याबाबत लेखी खुलासा

दिनांक : १३ जानेवारी २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
मनुष्यबळ विभाग,
चाकण एमआयडीसी, फेज २

मार्फत : शिफ्ट सुपरवायझर, मशीन शॉप

विषय : शुक्रवार, दि. १० जानेवारी २०२५ रोजी पहिल्या पाळीस १ तास २२ मिनिटे उशीर झाल्याबाबत.

संदर्भ : आपला दि. ११ जानेवारीचा मेमो.

महोदय,

उशिराचे कारण पुराव्यासह द्यावे, असे मेमोत म्हटले आहे. कारण खाली देत आहे. पुरावा माझ्याकडे नाही आणि आता तो मिळवता येईल असेही वाटत नाही. म्हणून घडले ते वेळेनुसार लिहितो. त्यातले कंपनीला काय तपासता येईल आणि कशासाठी फक्त माझा शब्द आहे, तेही वेगवेगळे सांगतो. वेळा मनगटी घड्याळावरून आठवून दिल्या आहेत. त्यांत पाच मिनिटे इकडेतिकडे धरावीत. गेटची ८.२२ ही वेळ मात्र पंचिंगचीच आहे.

मी राजगुरुनगरहून सकाळी ६.०५ला मोटारसायकलने निघालो. पाळी ७ची असली की याच वेळी निघतो. चाकणचा तळेगाव चौक साडेसहाच्या आत ओलांडला तर पावणेसातला गेटवर पोचता येते. ६.१८च्या सुमारास, पुणे-नाशिक महामार्गावर वाकी खुर्दच्या अलीकडे, चाकणकडे जाणाऱ्या बाजूला एक दुचाकी आडवी पडलेली दिसली. पुढे रस्त्याच्या कडेला एक कंटेनर उभा होता आणि त्याचे मागचे दिवे बंद होते. दुचाकी त्यालाच धडकली का, हे मी पाहिलेले नाही. मी पोचलो तेव्हा अपघात होऊन गेलेला होता. दुचाकीवर साधारण पन्नाशीचे एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी होत्या. पुत्रदा एकादशी असल्याने दोघे आळंदीला निघाले होते, असे त्या ताईंनी सांगितले.

माझ्या आधी तिथे एक दुधाचा टेम्पो थांबला होता. त्याचा चालक १०८वर बोलत होता, त्यामुळे तोच फोन मी पुन्हा केला नाही. गाडी मागे कडेला घेऊन इंडिकेटर चालू ठेवले. या दिवसांत सूर्य सातनंतर उगवतो. सव्वासहाला तिथे पूर्ण अंधार होता आणि मागून येणाऱ्या गाड्यांना आडवी दुचाकी अगदी जवळ आल्यावरच दिसत होती. टेम्पोच्या क्लीनरला माझ्या मोबाइलचा टॉर्च लावून दिला आणि साधारण पन्नास पावले मागे उभे केले. घरून निघताना मोबाइलला १४ टक्के चार्ज होता. पावणेसातच्या आधीच तो बंद पडला. मी आपल्याला किंवा सुपरवायझर साहेबांना फोन का केला नाही, याचे पहिले कारण हे.

जखमी गृहस्थ शुद्धीवर होते, पण गोंधळलेले होते. डाव्या मांडीतून रक्त वाहत होते. त्यांचाच पंचा घडी करून जखमेवर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाब दिला. पंचा भिजला तेव्हा तो न उचलता त्यावर दुसरे कापड ठेवून दाब तसाच चालू ठेवला, कारण कापड उचलले की गोठू लागलेले रक्त पुन्हा सुटते. हेल्मेट काढले नाही. जमलेल्यांपैकी दोघातिघांचे म्हणणे होते की टेम्पोत घालून थेट चाकणला न्यावे. मी नको म्हणालो. मानेला मार आहे की नाही हे कळत नव्हते, आणि मागे मोकळ्या टेम्पोत आडवे टाकून नेताना मान हलली तर त्यातून कायमचे अपंगत्व येऊ शकते. श्वास चालू होता आणि रक्त दाबाने आटोक्यात येत होते. अशा वेळी रुग्णवाहिकेची वाट पाहणे बरे, असेच आपल्या प्रथमोपचार प्रशिक्षणात शिकवले आहे. दोघांनी पाणी मागितले, पण शस्त्रक्रियेची गरज पडू शकते म्हणून दिले नाही. ताईंचे मनगट सुजले होते. ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधला.

दाब देणारा माणूस मी असल्याने ६.५०पर्यंत, म्हणजे १०८ येईपर्यंत, मला जागचे हलता आले नाही. रुग्णवाहिकेतील डॉक्टरांनी जखमेवर पट्टी बांधली, मानेला कॉलर लावली आणि सातच्या सुमारास दोघांना घेऊन गाडी चाकणच्या दिशेने गेली. मी सोबत रुग्णालयात गेलो नाही.

येथून पुढचा अर्धा तास आपल्याला खटकेल. रुग्णवाहिका गेल्यावर मी लगेच निघालो असतो तर उशीर बराच कमी झाला असता. पण ताईंची पिशवी मागेच राहिली होती. तिच्यात पैसे, औषधे आणि त्यांचा मोबाइल होता. तो वाजला तेव्हा मी उचलला. त्यांचा पुतण्या बोलत होता, तो वीस मिनिटांत पोचतो म्हणाला. टेम्पोवाल्याला दूध डेअरीत वेळेवर पोचवायचे होते म्हणून तो क्लीनरसह निघून गेला. उरलेल्यांपैकी कोणाच्या हाती पिशवी सोपवून जाणे मला बरे वाटले नाही. दरम्यान दुचाकी दोघांनी मिळून कडेला ओढली. हँडल वाकले होते आणि पुढचे चाक फिरत नव्हते, त्यामुळे ती उचलूनच सरकवावी लागली. पुतण्या ७.३०ला आला. पिशवी आणि गाडीची चावी त्याला देऊन, जवळच्या हॉटेलच्या नळावर हात धुऊन मी ७.४०ला निघालो. हा वेळ थांबणे हा माझा स्वतःचा निर्णय होता. तो वैद्यकीय निकडीत मोडत नाही, म्हणून त्या भागाची वेगळी सबब देत नाही.

७.५०नंतर तळेगाव चौकाकडे येणारी अवजड वाहने आणि कंपन्यांच्या बसेस एकाच वेळी अडकलेल्या असतात. त्या कोंडीत साधारण वीस मिनिटे गेली.

दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवरून कळवता आले असते, हा प्रश्न आपण विचाराल, आणि तो योग्यच आहे. सुपरवायझर साहेबांचा क्रमांक मला पाठ नव्हता, तो फक्त बंद पडलेल्या मोबाइलमध्ये होता. ओळखपत्राच्या मागे छापलेला क्रमांक मुख्य कार्यालयाचा आहे, आणि तो सकाळी ९नंतर उचलला जातो. तरी पुतण्याच्या मोबाइलवरून निदान गेटचा क्रमांक शोधायला हवा होता. ते मला सुचले नाही. ती चूक माझी आहे.

आता पुराव्याचे. फोटो काढलेले नाहीत. मोबाइल टॉर्चसाठी दिला होता, आणि तो हातात असता तरी रस्त्यावर पडलेल्या माणसांचे फोटो मी काढले नसते. टेम्पोचा क्रमांक टिपला नाही. पुतण्याचे नाव वा क्रमांक घेतला नाही. मी तिथे असेपर्यंत पोलीस आलेले नव्हते, त्यामुळे माझे नाव कोणी लिहून घेतले नाही. केंद्र सरकारच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जखमीला रुग्णालयात आणणाऱ्याने मागितल्यास रुग्णालयाने तशी पोच द्यावयाची असते. पण मी रुग्णालयात गेलोच नाही, त्यामुळे तशी पोच मला मिळण्याचा प्रश्न येत नाही.

कंपनीला तपासता येईल ते एवढेच : त्या दिवशी सकाळी साडेसहाच्या आसपास वाकी खुर्दजवळून १०८ला फोन गेला आणि दोन जखमींना तिथून नेण्यात आले, याची नोंद १०८ सेवेकडे असणार. त्यातून अपघात झाला हे कळेल. मी तिथे होतो हे कळणार नाही, कारण फोन माझ्या क्रमांकावरून गेलेला नाही. गेटवरील सुरक्षारक्षकांनी माझ्या शर्टावरचे डाग पाहून विचारणा केली होती, तेही आपण त्यांना विचारू शकता. अर्थात डाग म्हणजे पुरावा नव्हे.

मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास संरक्षण देते, असे मला काही सहकाऱ्यांनी सुचवले. ते संरक्षण दिवाणी व फौजदारी दायित्वापासून आहे. कामावरच्या हजेरीशी त्याचा संबंध नाही, म्हणून मी त्याचा आधार घेत नाही.

माझ्या उशिरामुळे तिसऱ्या पाळीतील सहकाऱ्याला व्हीएमसीवर ८.३०पर्यंत थांबावे लागले. मशीन बंद पडले नाही, पण त्याच्या ओव्हरटाइमचा दुप्पट दराचा भार कंपनीवर पडला आणि रात्रभर काम करून त्याला दीड तास जास्त उभे राहावे लागले. त्याची मी व्यक्तिशः माफी मागितली आहे. मागील सहा महिन्यांत माझे दोन लेट मार्क आहेत, १२ मिनिटांचा आणि ९ मिनिटांचा. दोन्ही वेळा चौकातून फोन करून कळवले होते. ते रजिस्टरमध्ये आपल्यासमोर असतीलच, तरी इथेही लिहितो.

यावरून माझी विनंती अशी :

१ तास २२ मिनिटांचा पगार नियमाप्रमाणे कापावा, त्याला माझी हरकत नाही. मात्र कपात प्रत्यक्ष गैरहजेरीच्या वेळेपुरतीच असावी, अर्ध्या दिवसाची नसावी.

हा दिवस नेहमीच्या उशिराच्या मोजणीत धरू नये. पुराव्याअभावी ते शक्य नसेल, तर माझ्या फाइलमध्ये ‘खुलासा दिला, पुरावा सादर केला नाही’ असा शेरा असावा. ‘खोटे कारण दिले’ किंवा ‘असमाधानकारक वर्तन’ असा शेरा नसावा. पुरावा नाही हे मी स्वतःच लिहून देत आहे. पण कारण खोटे असल्याचेही कोणी दाखवलेले नाही.

शक्य झाल्यास ओळखपत्राच्या मागे मुख्य कार्यालयाऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, चोवीस तास चालू असणारा गेटचा क्रमांक छापावा. तोपर्यंत मी सुपरवायझर साहेबांचा आणि गेटचा क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवला आहे.

याबाबत तोंडी विचारणा करायची असल्यास मी पहिल्या पाळीनंतर दुपारी ३.३०ला हजर राहीन. तिसऱ्या पाळीतील सहकाऱ्याला यासाठी दिवसा बोलावू नये, ही विनंती. त्याच्याकडे सांगण्यासारखे माझ्या उशिराखेरीज काही नाही.

आपला विश्वासू,
सं. बा. गावडे
व्हीएमसी ऑपरेटर, मशीन शॉप, पहिली पाळी

प्रत : शिफ्ट सुपरवायझर, मशीन शॉप
(मेमोची छायाप्रत सोबत जोडली आहे.)