स्वच्छ दूध उत्पादन प्रशिक्षण : पूर्तता अहवाल

संस्थेच्या अध्यक्षा व संचालक मंडळास सादर
स्थळ : समाजमंदिर, गर्लगुंजी, ता. खानापूर, जि. बेळगाव
कालावधी : 10 ते 15 नोव्हेंबर 2025, रोज सकाळी 10 ते दुपारी 1
अहवाल दिनांक : 20 नोव्हेंबर 2025

मागील उन्हाळ्यात आपल्या संकलन केंद्रांवरील सकाळचे दूध एकूण 9 वेळा नासल्यामुळे परत आले, तेव्हा त्याचे कारण वाहतुकीत आहे की गोठ्यात, यावर संचालक मंडळाच्या बैठकीत बरीच चर्चा झाली होती. दोन्ही ठिकाणी उणिवा आहेत, हे मान्य करून गोठ्याच्या बाजूने सुरुवात करावी, असा निर्णय झाला आणि त्यानुसार गर्लगुंजी, इदलहोंड, करंबळ, नंदगड व चापगाव या पाच गावांतील 32 महिला सभासदांसाठी हे सहा दिवसांचे प्रशिक्षण घेण्यात आले. प्रशिक्षण वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण झाले असले तरी शिकवलेले सर्व काही हातात उतरले आहे, असे मला प्रामाणिकपणे लिहिता येत नाही आणि म्हणूनच पाठपुराव्याचा भाग या अहवालात विस्ताराने मांडला आहे.

उपस्थिती

सहा दिवसांची उपस्थिती अनुक्रमे 31, 30, 29, 19, 27 आणि 28 अशी होती, म्हणजे एकूण सरासरी 85 टक्के. सर्व सहा दिवस 17 महिला आल्या आणि किमान पाच दिवसांची अट पूर्ण केल्याने 25 जणींना प्रमाणपत्र देण्यात आले. चौथ्या दिवसाची घसरण आळसामुळे झालेली नाही. सुगीचे दिवस, शिवारात कापून पडलेले भात आणि त्या सकाळी अचानक भरून आलेले आभाळ, अशा वेळी कोणतीही बाई भात सोडून समाजमंदिरात येणार नाही आणि येऊही नये. चूक तारीख ठरवणाऱ्या माझी आहे. दुर्दैवाने त्याच दिवशी दगडी रोगाची ओळख आणि सीएमटी चाचणी हा सर्वांत महत्त्वाचा विषय होता. शेवटच्या दिवशी एक तास वाढवून तो पुन्हा घेतला, परंतु तेव्हा जनावर समोर नसल्याने त्या उजळणीला पहिल्या सत्राची सर आली नाही.

शिक्षणाचे मूल्यमापन

पहिल्या व शेवटच्या दिवशी 20 गुणांची तोंडी चाचणी घेतली. दोन्ही चाचण्या दिलेल्या 27 महिलांची सरासरी 8.2 वरून 15.1 वर गेली. सर्वाधिक समाधान देणारी बाब प्रतिजैविकांविषयीची आहे. जनावराला इंजेक्शन दिल्यानंतर औषधाच्या वेष्टनावर सांगितलेल्या मुदतीपर्यंत दूध डेअरीला घालू नये, हे पहिल्या दिवशी केवळ 6 जणींना ठाऊक होते, शेवटच्या दिवशी 24 जणींनी ते कारणासह सांगितले. धार काढून झाल्यावर सडाचे तोंड साधारण अर्धा तास उघडे राहते, म्हणून जनावराला लगेच बसू न देता पुढ्यात वैरण टाकावी, हेही बहुतेकींच्या लक्षात राहिले.

प्रात्यक्षिकाचे चित्र वेगळे आहे. 28 जणींच्या तपासणीत पहिल्या चार धारा वेगळ्या भांड्यात काढून गाठी पाहण्याचे काम 23 जणींनी बिनचूक केले, मात्र अंगठा न मुडपता पूर्ण मुठीने धार काढणे 16 जणींनाच जमले आणि सीएमटीचा निष्कर्ष कोणाच्याही मदतीशिवाय 11 जणींनाच बरोबर सांगता आला. चार खणांच्या ताटलीत प्रत्येक सडाचे दूध आणि तितकेच द्रावण घेऊन ती गोल फिरवणे सोपे आहे. मिश्रण पाण्यासारखे पातळ राहिले की किंचित दाटले, हे ओळखण्यात नजर कमी पडते. दूध डोळ्यांना चांगले दिसत असतानाच दगडीची सुरुवात झालेली असते आणि या चाचणीचा उपयोग नेमका तेव्हाच असल्यामुळे हा आकडा मला सर्वाधिक खटकतो.

करंबळच्या एका पन्नाशीतील सभासदांचे उदाहरण येथे नोंदवणे आवश्यक वाटते. त्यांच्या म्हशीच्या मागच्या उजव्या सडावर, नेमका अंगठ्याचा सांधा टेकतो त्या जागी, जुना घट्टा आढळला. "तीस वर्षं अशीच धार काढत आलोय, आता बोटं ऐकत न्हाईत," असे त्या म्हणाल्या. तरीही पाचव्या दिवशी त्यांचा डावा हात बरोबर पडू लागला होता, उजवा मात्र घाई झाली की पुन्हा जुन्या वळणावर जात होता. अशी सवय सहा दिवसांत मोडत नाही, ती रोजच्या धारेला कोणीतरी शेजारी बसल्यावरच मोडते.

अभिप्राय

लिहिण्याचा संकोच असलेल्या महिलांनाही मोकळेपणाने मत देता यावे म्हणून प्रत्येक मुद्द्यासाठी आडोशाला एक मडके ठेवून त्यात एक ते पाच चिंचोके टाकण्यास सांगितले होते. 26 जणींनी भाग घेतला. पाचपैकी सरासरी गुण असे आले : विषयाची उपयुक्तता 4.6, प्रशिक्षकांचे समजावणे 4.7, प्रात्यक्षिके 4.5, चहा-नाश्ता 4.4, वेळ व तारखा 3.1, छापील पुस्तिका 2.8. पहिले तीन आकडे आनंद देतात, पण पाहुण्यांना कमी गुण न देण्याची आपल्याकडची रीत लक्षात घेता मी त्यांवर फार विसंबणार नाही. खालचे दोन आकडे अधिक खरे आहेत.

पुस्तिका कन्नडमध्ये होती. आपल्या बहुतेक सभासद बाजारात आणि बसमध्ये कन्नड सहज बोलतात, परंतु त्यांचे शिक्षण मराठी शाळेत झाल्यामुळे वाचन मराठीतच होते. पुस्तिका घरी नेऊन ती शाळकरी मुलांकडून वाचून घ्यावी लागते, असे चौघींनी सांगितले. औषधाच्या मुदतीसारखी बाब मुलाच्या सवडीवर सोडणे योग्य नाही.

पाठपुराव्याच्या शिफारशी

सर्वप्रथम, 1 डिसेंबरपासून पहाटेच्या धारेच्या वेळी गोठाभेटी सुरू कराव्यात. मुठीची पद्धत न जमलेल्या 12 जणी आणि प्रमाणपत्र न मिळालेल्या 7 जणींपासून आरंभ करावा. काही नावे दोन्ही याद्यांत असल्याने भेटी एकत्र करता येतील. प्रत्येक गोठ्यावर किमान तीन भेटी व्हाव्यात आणि तेथेच, जनावरासमोर, सीएमटीचा सराव घ्यावा. पशुवैद्य दररोज उपलब्ध होणार नाहीत, म्हणून चाचणी अचूक करणाऱ्या 11 जणींपैकी प्रत्येक गावातून एक मार्गदर्शक निवडावी व तिला भेटीमागे मानधन द्यावे. हे काम फुकट करून घेऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

दुसरी बाब नोंदणीच्या वेळी आमच्या नजरेतून सुटली. 32 पैकी 12 घरांत संध्याकाळची धार पती किंवा मुलगा काढतो आणि त्यांना यातले काहीच शिकवलेले नाही. सकाळी स्वच्छ धुतलेली कास संध्याकाळी न धुता पिळली जात असेल, तर निम्मे श्रम वाया जातात. या घरांतील पुरुषांसाठी मळणी आटोपल्यावर, रात्री जेवणानंतर दीड तासाचे एक सत्र त्या-त्या गावात घ्यावे.

मंजूर 48,000 रुपयांपैकी 43,350 रुपये खर्च झाले असून 4,650 रुपये शिल्लक आहेत. त्यातून पाच गावांसाठी सीएमटीच्या ताटल्या व द्रावण घ्यावे आणि पुस्तिकेतील औषध-मुदत व चाचणी यांची चार पाने मराठीत करून वाटावीत. रक्कम अपुरी पडल्यास आधी द्रावण घ्यावे.

फेरचाचणी 19 जानेवारी 2026 च्या आठवड्यात गोठ्यावरच घेण्याचा प्रस्ताव आहे. तोवर प्रत्येक केंद्रावर नासलेल्या दुधाची नोंद तारीख व गावानुसार ठेवण्याची सूचना सचिवांना द्यावी, म्हणजे येत्या उन्हाळ्यात तुलना करता येईल. हजेरीपत्रक, गुणतक्ता व खर्चाच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत.

कार्यक्रम समन्वयक