व्हर्च्युअलायझेशन आणि क्लाउड: कॅम्पस इंटरव्ह्यूचे प्रश्न आणि उत्तरं

उत्तरं शेवटच्या वर्षाच्या एका उमेदवाराच्या तोंडची आहेत. त्याचा प्रोजेक्ट: ग्रंथालयाची वेबसाइट, आधी लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, मग एडब्ल्यूएसच्या ईसीटू मशीनवर.

प्रश्न: हायपरव्हायझर म्हणजे काय? प्रकार सांगा.

एका सर्व्हरचा सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क वाटून त्यावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे हायपरव्हायझर. टाइप १ थेट हार्डवेअरवर बसतो: ईएसएक्सआय, हायपर-व्ही, झेन. टाइप २ आधीपासून असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ॲपसारखा चालतो. मी वापरलेला व्हर्च्युअलबॉक्स टाइप २.

प्रश्न: मग केव्हीएम कुठल्या प्रकारात?

(हा प्रश्न पाठांतर तपासायला असतो. एका शब्दात उत्तर देऊन मोकळं होऊ नये.)

केव्हीएम लिनक्स कर्नलचा मॉड्यूल आहे. २००७ पासून तो मुख्य कर्नलमध्ये आहे. तो लोड झाला की कर्नलच हायपरव्हायझरचं काम करतो, म्हणून त्याला बहुतेक जण टाइप १ म्हणतात. पण खाली पूर्ण लिनक्स असतंच, त्यामुळे ही विभागणी इथे काटेकोरपणे लागू पडत नाही.

प्रश्न: सीपीयूचा व्हर्च्युअलायझेशनला आधार आहे का, कसं बघाल?

इंटेलमध्ये व्हीटी-एक्स, एएमडीमध्ये एएमडी-व्ही. लिनक्सवर:

```
grep -Ec '(vmx|svm)' /proc/cpuinfo
```

उत्तर शून्यापेक्षा जास्त आलं तर आधार आहे. तरीही व्हीएम सुरू होत नसेल तर बायोसमध्ये तो बंद ठेवलेला नाही ना, ते बघेन.

प्रश्न: व्हर्च्युअल मशीन आणि कंटेनर यांत फरक काय?

व्हीएमला स्वतःचा कर्नल असतो, कंटेनर होस्टचाच कर्नल वापरतात. लिनक्सवर कंटेनर म्हणजे शेवटी साध्या प्रोसेसच: नेमस्पेसमुळे त्यांना काय दिसेल हे ठरतं, सीग्रुपमुळे सीपीयू-मेमरी किती मिळेल हे ठरतं. म्हणून कंटेनर चटकन सुरू होतो, इमेजही सहसा लहान असते. पण कर्नल सामायिक असल्याने त्यातली त्रुटी सगळ्यांनाच भोवू शकते. विलगपणा व्हीएममध्ये जास्त पक्का.

प्रश्न: मग विंडोजवर लिनक्स कंटेनर कसा चालतो?

लिनक्स कर्नल लागतोच, म्हणून डॉकर डेस्कटॉप पडद्यामागे एक हलकी लिनक्स व्हीएम चालवतो, बहुधा डब्ल्यूएसएल २ मधून. (वरचं उत्तर समजून दिलं असेल तर हे आपोआप सुचतं.)

प्रश्न: स्नॅपशॉट घेतला, आता बॅकअपची गरज नाही. बरोबर?

नाही. स्नॅपशॉटनंतरचे बदल सहसा वेगळ्या फाइलमध्ये जातात आणि ती मूळ डिस्कवर अवलंबून असते. मूळ डिस्क गेली की स्नॅपशॉटही गेला. अपडेटआधी तात्पुरती सोय म्हणून तो ठीक. बॅकअप दुसऱ्या जागी हवा.

प्रश्न: क्लाउड म्हणजे व्हर्च्युअलायझेशनच ना?

व्हर्च्युअलायझेशन हे तंत्र, क्लाउड ही सेवा. अमेरिकेच्या एनआयएसटीने २०११च्या व्याख्येत पाच गुण दिले आहेत: हवं तेव्हा स्वतः घेता येणं, नेटवर्कवरून मिळणं, साधनं अनेकांत वाटलेली असणं, पटकन वाढणं-घटणं आणि मोजून वापर. माझ्या लॅपटॉपवर व्हीएम होती, पण क्लाउड नव्हता.

प्रश्न: आयएएएस, पीएएएस, एसएएएस?

ईसीटूवर उबंटू अपडेट करणं माझं काम होतं: आयएएएस. नुसता कोड देऊन बाकी सगळं प्रोव्हायडरवर सोडलं असतं तर पीएएएस. जीमेलसारखं तयार ॲप वापरलं तर एसएएएस.

प्रश्न: मशीन चालू दिसतंय, वेबसाइट उघडत नाही. काय कराल?

(फ्रेशरची खरी परीक्षा इथे होते. क्रमाने बोलावं.)

आधी एरर वाचेन. टाइमआउट असेल तर पॅकेट बहुधा वाटेतच अडतंय: सिक्युरिटी ग्रुपमध्ये पोर्ट ८० उघडा आहे का, मशीनला पब्लिक आयपी आहे का, रूट टेबलमध्ये इंटरनेट गेटवे आहे का. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल तर सहसा मशीनपर्यंत पोचलो, पण पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. मग आत जाऊन:

```
sudo ss -tlnp
```

इथे `127.0.0.1:80` दिसलं तर सर्व्हर फक्त आतल्यांचंच ऐकतोय. तो `0.0.0.0` वर लावायला हवा.

प्रश्न: मशीन स्टॉप केलं, तरी बिल का येतं?

चालण्याचे पैसे थांबतात, पण ईबीएस डिस्क जागा अडवून असते आणि राखलेला इलास्टिक आयपीही. टर्मिनेट केल्यावर रूट डिस्क सहसा जाते, नंतर जोडलेल्या डिस्क मात्र सहसा राहतात. त्या वेगळ्या डिलीट कराव्या लागतात.