आत्याला ‘आपण’ म्हणू नकोस

ओंकार,

तुझी उत्तरं वाचली. पाठवायच्या आधी मला दाखवलीस, हे फार बरं केलंस. मार्चमध्ये गडचिरोलीला रुजू झालास, तेव्हापासून दिवसभर ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ लिहितोयस. तेच वळण हाताला बसलंय आणि घरच्यांनाही तू त्याच वळणानं लिहायला लागलायस. तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून तर हे असं जाऊ द्यायचं नाही.

आधी आत्याचं बघू. तिनं लिहिलंय: “काय रे सोन्या, पत्ताच नाही तुझा! पोट भरतं का तिकडं? ऊन फार आहे म्हणे.”

तू लिहिलंस:

“आदरणीय आत्या, सादर प्रणाम. आपला संदेश प्राप्त झाला. माझी प्रकृती उत्तम असून निवास व भोजनाची व्यवस्था समाधानकारक आहे. येथील तापमान अधिक असले तरी आवश्यक ती काळजी घेण्यात येत आहे. आपणही प्रकृतीस जपावे, ही विनंती. आपला नम्र, ओंकार.”

व्याकरणाची एकही चूक नाही. पण आत्यानं हे वाचलं की ती आधी तुझ्या बाबांना फोन लावणार, “पोराचं काही बिनसलंय का? माझ्यावर रागावलाय का?” जन्मापासून तू तिला ‘तू’ म्हणतोस. लहानपणी तिच्या मांडीवर बसून तिच्याच ताटातलं खायचास. तिला एकदम ‘आपण’ म्हणालास तर तिला त्यात मान दिसणार नाही. तू लांब गेलास एवढंच तिला दिसेल.

आणि ‘काळजी घेण्यात येत आहे’. कोण घेतंय रे काळजी? कार्यालयाच्या पत्रात असं लिहायला कारण असतं. तिथला निर्णय एका माणसाचा नसतो, टेबलावरचा माणूस बदलला तरी पत्र तेच राहावं लागतं, म्हणून करणाऱ्याचं नाव मागे ठेवतात. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारी कारभार मराठीत यावा म्हणून कितीतरी लोकांनी खपून ही भाषा घडवली. मला तिचा आदरच आहे. पण आत्याला नेमकं त्या झाकलेल्या माणसाचंच ऐकायचंय.

आता हे बघ. यातली माहिती सगळी तुझीच आहे, परवा फोनवर तूच मला सांगितलीस:

“आत्या, चुकलंच माझं. पंधरा दिवस फोन केला नाही. पोट भरतं गं, पण भातानं! इथं दोन्ही वेळेला भात. भाकरी कुठं दिसली की तुझा तवा आठवतो. ऊन म्हणशील तर दुपारी ऑफिसच्या पायरीवर पाय ठेववत नाही. इथली माणसं बांधतात तसा मीही डोक्याला दुपट्टा बांधायला शिकलोय, फोटो पाठवतो. आणि ऐक, इकडे वडशाला नाटक कंपन्या आहेत. दिवाळीनंतर गावोगाव झाडीपट्टीची नाटकं लागतात, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं म्हणे. मामा असते तर पहिल्या गाडीनं आले असते बघ. तू येशील का? तुझा गुडघा काय म्हणतो? रविवारी सकाळी फोन करतो, देवपूजा झाल्यावर.”

मामांचं वाक्य मी मुद्दाम घातलंय. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, हे मामा आल्यागेल्याला अभिमानानं सांगायचे, आठवतं ना? आत्या अजून कुणी नाटकाचं नाव काढलं की मामांच्या खुर्चीकडं बघते. तू एवढ्या लांबून नाटकाची बातमी कळवलीस तर ती ते उत्तर चारजणींना वाचून दाखवेल. ‘व्यवस्था समाधानकारक’ हे कुणाला वाचून दाखवणार?

‘पोट भरतं का’ या प्रश्नाला हो किंवा नाही पुरत नाही. ताटात काय होतं ते सांगावं लागतं. आणि उलट काहीतरी विचारावं लागतं, तेही ‘प्रकृतीस जपावे’ असं मोघम नको. तिचा गुडघा दुखतो, तर गुडघ्याचंच विचार.

सरांचं मात्र वेगळं आहे. त्यांनी लिहिलंय, “नमस्कार ओंकार. नोकरी लागल्याचं कळलं, आनंद झाला. कसं चाललंय?” तुझं उत्तर: “आदरणीय महोदय, आपल्या शुभेच्छांबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. आपले मार्गदर्शन सदैव लाभावे, ही नम्र अपेक्षा.” इथं अंतर हवंच, ‘तुम्ही’ हवंच, नमस्कारही हवा. पण ‘महोदय’ कुणालाही म्हणता येतं, ‘सर’ मात्र ते तुझे आहेत. मी असं लिहिलं असतं:

“सर, नमस्कार. तुमचा मेसेज बघून खूप बरं वाटलं. काम जमतंय हळूहळू. दिवसभर पत्रांचे मसुदे लिहितो आणि तुम्ही रोज दहा ओळी शुद्धलेखन लिहून घ्यायचात, त्याचा आता उपयोग होतोय. ऱ्हस्व-दीर्घ अडलं की टेबलावरचे सगळे मला विचारतात. गणपतीत मिरजेला येणार आहे, तेव्हा घरी येऊन जातो. तुमचं सकाळचं फिरणं चालू आहे ना?”

ऋणी आहे, असं कुठंही म्हटलेलं नाही. दहा ओळींच्या आठवणीतच ते आलं.

मानाची भाषा कोरडीच असते असं समजू नकोस. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतली आजोबांची पत्रं तू वाचलीयस. वर ‘तीर्थरूप’, ‘शिरसाष्टांग नमस्कार’, खाली ‘कळावे, लोभ असावा’, सगळं ठरलेलं. पण मधे काय असायचं? गाय व्यायली, विहिरीचं पाणी दोन हात खाली गेलं, धाकटीला गोवर आला होता, आता उतरला. चौकट जुनी, पण आत घर नांदायचं.

शेवटचं खोलीच्या मालकीणबाईंचं. हे तू लिहिलं नव्हतंस, बोलता बोलता सांगितलंस, पण मला तेच जास्त लागलं. त्या रोज संध्याकाळी फाटकाशी विचारतात, “काय बाबू, झालं काय जेवण?” आणि तू म्हणतोस, “हो, झालं. धन्यवाद.” आणि वर जातोस.

आपल्याकडं घरात धन्यवाद म्हणतं का कुणी? आईनं वाढलं तर म्हणतोस? मंचावर, पत्रात, अनोळखी माणसाला तो शब्द शोभतो. फाटकाशी उभ्या बाईला तो म्हटलास की बोलणं तिथंच मिटलं. त्या बिचाऱ्या जेवणाची चौकशी करून तुला दोन मिनिटं थांब म्हणतायत. नवख्या गावात एकट्या पोराला असं रोज विचारणारं माणूस मिळालं, हे तुझं नशीब. उद्या म्हण:

“झालं की काकू. आज वांगं केलं होतं, पण मीठच जास्त पडलं. तुमचं झालं का?”

मग त्या मीठ कसं कमी करायचं ते सांगतील, कदाचित वाटीभर काही आणूनही देतील. घे. दुसऱ्या दिवशी वाटी रिकामी परत करू नकोस, दोन केळी तरी ठेव.

मी लिहिलेलं जसंच्या तसं पाठवू नकोस. आत्याला माझी वाक्यं ओळखू येतात. तुझ्या शब्दांत लिही, चुकलं तरी चालेल. पण आजच पाठव, आणि नऊच्या आत. नंतर ती झोपते, आणि सकाळी उठल्यावर आधी फोन बघते.

ताई